झोपमोडीनंतरची चिठ्ठी

पार्टीच्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांना लिहायची माफीची चिठ्ठी साठ-सत्तर शब्दांत संपते. भाषा नव्याने शिकणाऱ्याला मात्र एवढ्या जागेत बरेच काही सांभाळावे लागते. काल रात्री काय झाले ते भूतकाळात सांगायचे, त्याबद्दल आज काय वाटते ते वर्तमानात, आणि यापुढे काय करणार ते भविष्यकाळात. शिवाय वाचणारा माणूस वयाने मोठा, थोडा रागावलेला आणि रोज लिफ्टमध्ये भेटणारा. भाषाशिक्षणाच्या युरोपीय चौकटीत ज्या पातळीला बी-वन म्हणतात, त्या मध्यम पातळीच्या विद्यार्थ्याकडून साधी वैयक्तिक पत्रे लिहिता येण्याची अपेक्षा असते, आणि अशी चिठ्ठी त्यात चपखल बसते. इथे मराठी शिकणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. हिंदी घरात वाढलेली, नोकरीसाठी पुण्यात आलेली एक मुलगी, सोसायटीतला चौथ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, आणि बरोबर खालच्या घरात राहणारे एक निवृत्त जोडपे.

माफी कशी मागितली जाते याचा भाषाभ्यासकांनी बारकाईने विचार केला आहे. एलाइट ओल्श्टाइन आणि अँड्र्यू कोहेन यांनी १९८३ मध्ये तिचे पाच घटक मांडले: माफीचे शब्द, घडल्याचे कारण, जबाबदारीची कबुली, भरपाई आणि पुन्हा तसे न करण्याचा शब्द. प्रत्येक माफीत पाचही असतात असे नाही. पाय चुकून लागला तर नुसते ‘सॉरी’ पुरते. रात्री साडेबारापर्यंत कुणाला जागे ठेवले असेल तर ते पुरत नाही. तिथे सगळा भार कबुलीवर पडतो. मध्यम पातळीचे विद्यार्थी गडबडतात तेही इथेच. माफीचे शब्द त्यांना पहिल्या महिन्यापासून पाठ असतात. ‘आम्ही काय केले’ हे सांगणारे वाक्य मात्र जमत नाही, किंवा नको त्या सफाईने जमते.

या मुलीने पहिल्या प्रयत्नात लिहिलेली चिठ्ठी अशी:

‘आदरणीय महोदय, काल रात्री आपण पार्टी केली. माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस होता म्हणून थोडा आवाज झाला. आपल्यामुळे त्रास झाला असेल तर क्षमस्व. पुढे असे होऊ नये यासाठी प्रयत्न केला जाईल. धन्यवाद.’

व्याकरणाच्या वहीत या मजकुरावर लाल शाई फारशी सांडणार नाही. सुटी वाक्ये शुद्ध आहेत, लिंग-वचन नीट आहे. तरीही ही चिठ्ठी खालच्या मजल्यावर पोचली तर कालच्या आवाजापेक्षा जास्त बिनसण्याची शक्यता आहे.

सुरुवात मायन्याची. ‘आदरणीय महोदय’ हा अर्जाचा मायना आहे. पाणीपट्टीची तक्रार किंवा रजेची विनंती त्याखाली शोभते. पाठ्यपुस्तकांत अजून सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष शिकवतात. ते पत्रात चालते, दाराशी द्यायच्या चिठ्ठीत ते अंगरखा-पगडी घालून दूध आणायला गेल्यासारखे दिसते. लिफ्टमध्ये ज्यांना ‘काका’, ‘काकू’ म्हणतो त्यांना चिठ्ठीतही तेच लिहावे: ‘काका, काकू, नमस्कार.’ आडनाव माहीत असेल तर ते काकांच्या आधी जोडता येते. शेजारी समवयस्क असतील तर नावापुढे ‘ताई’ किंवा ‘दादा’. चिठ्ठी दोघांच्या नावे असावी हे इथे महत्त्वाचे, कारण झोप दोघांची मोडली आहे. केवळ काकांना उद्देशून लिहिलेली माफी काकूंच्या नजरेतून सुटत नाही.

दुसरी अडचण सर्वनामाची, आणि या चिठ्ठीतला खरा सुरुंग तोच आहे. हिंदीतले ‘हम’ मराठीत दोन ठिकाणी विभागले जाते. ऐकणारा सोडून बाकीचे ते ‘आम्ही’. ऐकणाराही धरून सगळे ते ‘आपण’. त्यातच ‘आपण’ हे ‘तुम्ही’चे अधिक आदरार्थी रूपही आहे. त्यामुळे ‘काल रात्री आपण पार्टी केली’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एकात बिचारे काका-काकू पार्टीत सामील होते, दुसऱ्यात ती पार्टी त्यांनीच केली होती. दोन्हींत चिठ्ठी लिहिणारी मुलगी निर्दोष सुटते. पुढचे ‘आपल्यामुळे त्रास झाला’ तर याहून वाईट, कारण ते सरळ ‘तुमच्यामुळे’ असे वाचले जाते. मुलीच्या मनात हिंदीतले ‘अपने’ होते, म्हणजे आमच्या स्वतःमुळे. कागदावर मात्र आरोप उतरला.

अशा चिठ्ठीत ‘आपण’ आणि ‘आपला’ पूर्ण वर्ज्य करणे हा साधा उपाय आहे. स्वतःच्या घराला ‘आम्ही’, ‘आमच्याकडे’, ‘आमच्यामुळे’ आणि वाचणाऱ्यांना ‘तुम्ही’, ‘तुम्हाला’, ‘तुमची’. ‘तुम्ही’त आदर कमी पडतो ही भीती अनाठायी आहे. शेजाऱ्यांशी बोलताना सुशिक्षित मराठी घरांत ‘तुम्ही’च चालते, ‘आपण’ सभेच्या निमंत्रणपत्रिकेत जास्त दिसते.

आता कबुलीचे वाक्य. ‘थोडा आवाज झाला’ यात आवाज करणारा कुणीच नाही. पाऊस झाला, उशीर झाला, तसा आवाज झाला. मराठीत ‘होणे’ हे क्रियापद कर्त्याला अलगद बाहेर काढते, आणि मराठी माणूस त्याचा रोज उपयोग करतो. कप फुटला, दूध उतू गेले, चावी हरवली: घरातल्या या वाक्यांत दोषी माणूस सापडत नाही. ‘प्रयत्न केला जाईल’ हे कर्मणी वाक्यही त्याच जातीचे, फक्त सरकारी पोशाखातले. माफीत मात्र कर्ता हजर हवा.

तो हजर करायचा तर भूतकाळाची एक अवघड जागा ओलांडावी लागते. सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की ते कर्त्याचे न ऐकता कर्माचे ऐकते. आम्ही गाणी लावली, आम्ही आवाज वाढवला, आम्ही खुर्च्या सरकवल्या. तिन्ही ठिकाणी कर्ता ‘आम्ही’, पण ‘लावली’ गाण्यांच्या मागे जाते, ‘वाढवला’ आवाजाच्या आणि ‘सरकवल्या’ खुर्च्यांच्या. हिंदीभाषकाला हे ओळखीचे असते, कारण ‘हमने गाने लगाए’ मध्येही हेच घडते. त्याची चूक वेगळीच होते, तो ‘आम्हीने गाणी लावली’ असे लिहितो. मराठीत मी, आम्ही, तू, तुम्ही यांना हा ‘ने’ लागत नाही. तमिळ, तेलुगू किंवा कन्नड बोलणारा विद्यार्थी ‘आम्ही गाणी लावलो’ असे लिहितो. कर्नाटकाला लागून असलेल्या भागातल्या मराठी बोलण्यात असे रूप कानावर येते, त्यामुळे ते अगदी परके म्हणता येत नाही, पण लेखी प्रमाण मराठीत ते चूक धरले जाते. ‘आम्ही नाचलो’ मात्र बरोबर, कारण नाचण्याला इथे कर्म नाही.

कर्ता आणला की त्याने काय केले तेही नेमके लिहावे. इथे आवाजाचे थोडे शास्त्र उपयोगी पडते. गाण्यातले उंच स्वर आणि बोलण्याचा आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते. ढोल आणि बेस यांचे खालचे स्वर ती तितके अडवत नाही. खुर्ची ओढल्याचा किंवा टाचा आपटल्याचा धक्का तर थेट स्लॅबमधून खाली उतरतो. म्हणून वर ज्यांना गाणे ऐकू येत असते, त्यांच्या खाली गाणे पोचतच नाही. पोचते ती नुसती धपधप आणि फरशीवरची खरखर. वरच्यांना आवाज ‘थोडा’ वाटतो याचे हेही एक कारण. तेव्हा चिठ्ठीतून ‘थोडा’ हा शब्द काढून टाकावा. किती आवाज झाला हे सांगण्याचा अधिकार ज्यांनी तो सोसला त्यांचा. त्याऐवजी खुर्च्यांचा उल्लेख करावा. खालच्यांना नेमके काय ऐकू आले असेल याचा विचार वरच्यांनी केला, हे त्या एका उल्लेखातून कळते.

किती वाजेपर्यंत, हेही लिहिलेले बरे. भारतात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. समोरासमोर बसून केलेले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास जाते, यावरून ४५ म्हणजे किती शांत याची कल्पना यावी. सणासुदीला ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण मैत्रिणीचा वाढदिवस त्या यादीत बसत नाही. चिठ्ठीत अर्थातच नियमाचा दाखला नको, डेसिबल तर नकोतच. फक्त दहा ही वेळ तिथून घ्यावी, कारण सोसायटीत सगळ्यांच्या डोक्यात तीच रेघ पक्की असते.

यानंतरचे वाक्य बहुतेक चिठ्ठ्यांत घसरते: ‘त्रास झाला असेल तर’. यातल्या ‘तर’मुळे माफीला अट लागते. त्रास झाला की नाही हे अजून ठरायचे आहे, ठरले तर माफी लागू. रात्री साडेबाराला खालून एकदा बेल वाजून गेली असेल तर हा ‘तर’ फारच झोंबतो. मराठीत अंदाज आणि खात्री यांच्यासाठी वेगळी रूपे आहेत, आणि मध्यम पातळीवर ती शिकवलेलीही असतात. ‘झोपमोड झाली असेल’ म्हणजे शक्यता आहे. ‘झोपमोड झाली असणार’ म्हणजे लिहिणाऱ्याला जवळजवळ खात्री आहे. ‘झोपमोड झाली’ म्हणजे ठाऊकच आहे. बेल वाजली असेल तर तिसरे रूप वापरावे, नसेल तर दुसरे. पहिले ‘तर’ जोडून वापरायचे असेल तर चिठ्ठी न लिहिलेली बरी.

कारणाचीही अशीच गोष्ट. वाढदिवस होता हे सांगायला हरकत नाही, उलट न सांगितले तर चिठ्ठी कोरडी वाटते. बिघडते ते ‘म्हणून’ने. ‘वाढदिवस होता म्हणून आवाज झाला’ यात आवाज वाढदिवसाच्या गळ्यात पडतो. दोन गोष्टी सुट्या ठेवल्या की हा दोष जातो: आमच्याकडे वाढदिवस होता. आम्ही गाणी लावली. कारण कळते, सबब होत नाही. कबुली पुरी करायला मराठीत एक उत्तम रचना आहे, ‘करायला हवे होते’. इथेही क्रियापद कर्माच्या मागे जाते: आम्ही स्पीकर बंद करायला हवा होता, आम्ही खिडक्या लावायला हव्या होत्या, आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवे होते. या एका रचनेत काय करायचे होते आणि ते केले नाही, हे दोन्ही बसते. इथे ‘आम्ही’ऐवजी ‘आम्हाला’ लिहिले की कर्तव्याचा सूर सैल पडतो, ती आमची गरज असल्यासारखे वाटू लागते, म्हणून ‘आम्ही’.

माफीच्या शब्दांवर विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ घालवतात, आणि तिथे खरे तर सर्वांत कमी पणाला लागलेले असते. ‘क्षमस्व’ खोदलेल्या रस्त्याच्या फलकावर शोभते, ‘दिलगिरी व्यक्त करतो’ संस्थेच्या पत्रात, ‘सॉरी’ जिन्यात. चिठ्ठीला ‘मनापासून माफी मागते’ पुरेसे. लक्षात ठेवायचे ते लिंग. पुरुष ‘मी माफी मागतो’ लिहील, स्त्री ‘मी माफी मागते’, आणि ‘आम्ही’ आले की दोघांचेही ‘मागतो’. फ्लॅटमधल्या तिघी मिळून सही करणार असतील तर ‘आम्ही माफी मागतो’ हेच बरोबर, जरी तिघीही मुली असल्या तरी. वर्गात या जागी हमखास हात वर होतो.

शेवटी राहतो पुढचा शब्द. ‘प्रयत्न करू’ हे मराठीत नकाराचे सभ्य रूप आहे. लग्नाला येण्याचा प्रयत्न करतो म्हणणारा येत नाही हे सगळ्यांना माहीत असते. त्यापेक्षा छोटी पण तपासता येणारी गोष्ट लिहावी. ‘यापुढे आमच्याकडे पार्टी होणार नाही’ हे वचन दोन महिन्यांत मोडेल. ‘रात्री दहानंतर आम्ही गाणी लावणार नाही’ हे पाळता येते. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच बसवणे हे हार्डवेअरच्या दुकानातले किरकोळ काम आहे, पण भरपाई म्हणून ते केकच्या तुकड्यापेक्षा मोलाचे.

या दुरुस्त्या करून तीच चिठ्ठी अशी झाली:

‘काका, काकू, नमस्कार.
काल रात्री आमच्याकडे मैत्रिणीचा वाढदिवस होता. आम्ही साडेबारापर्यंत मोठ्याने गाणी लावली आणि खुर्च्याही सरकवल्या. तुमची झोपमोड झाली असणार. दहा वाजता आम्ही स्पीकर बंद करायला हवा होता, तो केला नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागते. यापुढे रात्री दहानंतर आम्ही गाणी लावणार नाही. खुर्च्यांच्या पायांना आजच रबरी बूच बसवते आहे. तरीही कधी आवाज आला तर खालच्या नंबरवर फोन करा, लगेच बंद करू.’

खाली नाव, फ्लॅटचा क्रमांक आणि फोन नंबर. पहिल्या खर्ड्यातले शेवटचे ‘धन्यवाद’ गेले. ज्यांची झोप उडवली त्यांचे आभार कशाबद्दल मानायचे हा प्रश्न उरत होता. शेवटचे वाक्य मात्र जरा जपून वापरायचे. फोन करा असे सांगताना लक्ष ठेवायचे काम शेजाऱ्यांवर ढकलले जाऊ शकते. आधी स्वतःचा शब्द देऊन मग ‘तरीही’ म्हटले की तो दोष राहत नाही. ही दोन वाक्ये उलट्या क्रमाने लिहून पाहिली तर फरक लगेच दिसतो.

चिठ्ठी द्यायची दुसऱ्याच दिवशी, दहा-अकराच्या सुमारास. फार सकाळी नको, कारण रात्री जागलेली माणसे तेव्हा कुठे झोपलेली असतात. दुपारी एक ते चारही नको, निदान पुण्यात तरी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी टाकणे चूक, कारण ज्यांना आवाज ऐकूच आला नव्हता त्यांनाही त्यामुळे तो कळतो. घरी कुणी असेल तर चिठ्ठी हातात द्यावी, नसेल तर दाराच्या फटीतून सरकवावी. सोबत काही खायला नेण्याची पद्धत चांगली आहे, पण त्याच पार्टीतला उरलेला केक नेऊ नये. डब्यातून काही नेले तर तो डबा बहुधा रिकामा परत येत नाही, काकू त्यात काहीतरी घालूनच देतात, आणि तो परत घेताना जे दोन मिनिटे बोलणे होते त्यात निम्मे काम होऊन जाते.

उत्तर तोंडी येईल, ते ओळखता यायला हवे. ‘असू दे, होतं कधीतरी’ म्हणजे विषय मिटला; त्यावर पुन्हा माफी मागत बसू नये. ‘काही हरकत नाही’ एवढेच, तेही दार अर्धे उघडे ठेवून, म्हणजे राग अजून थोडा शिल्लक आहे. नुसते ‘बरं’ आले तर पुढच्या शनिवारी दहा वाजता काय होते ते बघितले जाणार आहे. यातल्या कशालाही ‘वेलकम’च्या चालीवर ‘स्वागत आहे’ असे उत्तर देऊ नये. ‘बरं काकू, येते’ पुरे.

वचन मोडून दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर पहिली चिठ्ठी नव्याने उतरवून चालत नाही. तिथे आधी मोडलेल्या शब्दाची कबुली येते: ‘मागच्या वेळी शब्द दिला होता, तो आम्ही पाळला नाही.’ क्रियापद पुन्हा कर्माच्या मागे, ‘शब्द’ पुल्लिंगी म्हणून ‘पाळला’. कारण या वेळी लिहू नये, एकही. तिसऱ्यांदा कागद घेऊ नये. खाली जाऊन बेल वाजवावी आणि समोर उभे राहून बोलावे.